मेंदूचं वय आणि स्कूटीची चावी

बायकोला पेट्रोल पंपावर विसरून एकटाच शेतात जाऊन पोचलेला माणूस, ही माझी चिखलीतली सध्याची ओळख आहे. सारी नोकरी कृषी सहायक म्हणून केली, दुसरबीडपासून लोणारपर्यंत गावोगावचे बांध तुडवले, झाडाखाली सतरंजी टाकून शेकडो सभा घेतल्या, पण ती सगळी पुण्याई एका सकाळी धुतली गेली. आता कॉलनीत कुणी नवीन राहायला आलं की त्याला आधी हा किस्सा सांगतात आणि मग माझं आडनाव.

झालं ते अगदी साधं होतं. गावाबाहेर आमचं थोडं वावर आहे, तिथे दोघं निघालो होतो. स्कूटीत पेट्रोल भरायचं तर सीट उघडावी लागते, म्हणून दोघांनाही उतरावं लागतं. आमच्याकडे अशी रीत आहे की मागचं माणूस उतरतं ते सरळ पुढे चालत जातं, हवा भरायच्या मशीनपाशी उभं राहतं, आणि चालवणारा पेट्रोल भरून तिथून त्याला उचलतो. बायको रीतीप्रमाणे पुढे जाऊन उभी राहिली. मी रीतीप्रमाणे पेट्रोल भरलं, सीट बंद केली, आणि तिच्या अगदी जवळून गाडी काढून निघून गेलो. ती सांगते की मी तिच्याकडे पाहूनसुद्धा गेलो.

वाटेत मी तिच्याशी बोलतही होतो. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने जिल्हाभर कपाशीची वाट लावली होती, लोक उभ्या पिकात ट्रॅक्टर घालत होते, आणि माझ्या डोक्यात आमच्या वावरातल्या डोमकळ्या होत्या. अळी लागलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं राहतं, त्याला डोमकळी म्हणतात. बांधावर गाडी लावून मी म्हणालो, "पाह्य, या ओळीत किती डोमकळ्या हायेत." उत्तर आलं नाही. रागावली असेल म्हणून दुसऱ्यांदा जरा गोडीने म्हणालो. मग वळून पाहिलं.

गाडी तशीच वळवून परत पंपावर आलो. ती हवेच्या मशीनजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर बसून शांतपणे शेंगदाणे खात होती. पंपावरचा माणूस आणि ती, दोघं ओळखीचे झालेले. घरी आल्यावर तिने स्कूटीची चावी काढून घेतली आणि कमरेला खोचली.

"ज्या माणसाले मागं बायको हाय का नाई हे समजत नाई, त्याले समोरून ट्रक येऊन राह्यला हे काय समजन?" ती म्हणाली. "तुमचं डोकं ठीक हाय हे जोपर्यंत मले पटत नाई, तोपर्यंत चावी भेटणार नाई."

मी चिडलो, हे कबूल. चावी म्हणजे माझे पाय होते. वावर, कृषी केंद्राच्या बाकावरचा चहा, बाजार समितीतली गर्दी, सगळं त्या चावीला टांगलेलं. पण खरं सांगायचं तर चिडण्याच्या खाली भीती होती, आणि ती त्या एका सकाळची नव्हती. दोन-चार महिन्यांपासून माझं काहीतरी सरकत चाललं होतं. खोलीत जाऊन कशाला आलो ते आठवत नसे. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन बसे आणि उतरायला तयार नसे. दुपारपर्यंत डोकं धुक्यातच. आणि माझा थोरला भाऊ, ज्याने मला सायकल शिकवली, त्याने शेवटच्या दिवसांत मला विचारलं होतं, "आपण कोणाकडले?" ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती, तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती.

मुलगा पुण्यात कंपनीत आहे. दिवाळीला आला, त्याने किस्सा ऐकला, आधी पोट धरून हसला आणि मग एकदम गंभीर झाला. रात्रीच्या जेवणाआधी त्याने माझ्या फोनमध्ये मेंदूच्या व्यायामाचं एक ॲप टाकून दिलं आणि वर्षाची वर्गणीही भरून टाकली. "बाबा, रोज थोडा वेळ खेळायचं. संशोधनावर आधारित आहे. स्मरणशक्ती वाढते, लक्ष वाढतं. सगळं यात दिसतं." मी विचारलं, दिसतं म्हणजे काय? तर आधी एक परीक्षा झाली. पडद्यावर चौकोन चमकत आणि विझत, कोणते चमकले होते ते बोटाने दाखवायचं. बाणांचा थवा यायचा, मधला बाण कुठे तोंड करून आहे ते सांगायचं. पत्ते उलटून जोड्या लावायच्या. आकडे वरून पडायचे, जमिनीला टेकायच्या आत बेरीज करायची. शेवटी त्या ॲपने जाहीर केलं की माझ्या मेंदूचं वय एकोणऐंशी आहे. माझं स्वतःचं तेव्हा साठ. मेंदू माझ्या वडिलांच्या वयाचा निघाला.

बायकोने स्वयंपाकघरातून एवढंच म्हटलं, "मले वाटलंच होतं."

मग काय विचारता. मी पेटलो. सकाळी दात घासायच्या आधी खेळू लागलो. चहासोबत खेळू लागलो. ॲप रोज आठवण करून द्यायचं, तुमची साखळी तुटू देऊ नका, आणि मी साखळीला असा चिकटलो की एका दूरच्या नातेवाइकाच्या दहाव्याला, भटजी मंत्र म्हणत असताना, टोपीआड फोन धरून बाण मोजत होतो. पिंडाला कावळा शिवला तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि माझी एक पातळी पार झाली म्हणून मी पण सोडला. लोकांना वाटलं, किती माया होती मेलेल्यावर.

आणि आकडे चढले. पटापट चढले. मेंदूचं वय सत्तर, मग साठ, मग पन्नासच्या आत. माझ्या वयाच्या लोकांत मी कितव्या क्रमांकावर आहे तेही तिथे एका रंगीत पट्टीवर दिसे, आणि पट्टी जवळपास भरली होती. मी येईल-जाईल त्याला फोन दाखवायचो. आमच्या शेजारी उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर राहतात. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहाला येतात. त्यांना दाखवलं तर चष्मा वर सरकवून म्हणाले, "मुबारक हो साहेब. आता तुम्ही माझ्याहून लहान झाले. आता चाय तुम्ही बनवायची."

मी चहा करायला गेलो. दूध गॅसवर ठेवलं, आणि साखळीतला त्या दिवसाचा शेवटचा खेळ राहिला होता तो उघडला. स्मरणशक्तीचाच खेळ होता. त्यात मी आजवरचा माझा विक्रम मोडला, आणि दूध पातेल्याबाहेर येऊन बर्नर विझवून ओट्यावरून खाली गेलं. वास सुटला तेव्हा हेडमास्तर बाहेरून ओरडले, "साहेब, तरुण झाले की काय?" बायकोने फडकं माझ्या हातात दिलं.

पण मी मागे हटणारा नव्हतो. मी तिच्यासमोर फोन ठेवून म्हणालो, आकडा पाह्य आणि चावी दे. ती म्हणाली, "आकडा मले नाई समजत. बाजारात जा. मी तोंडी सांगते ते आणा. चिठ्ठी नाई, फोन नाई." मग तिने सांगितलं: शेपू, ओवा, कढीपत्ता, गूळ, खोबऱ्याची वाटी, आणि शिंप्याकडून तिचं ब्लाऊज. एवढंच. मी मनात हसलो. अरे, मी पडद्यावर डोळ्यांसमोरून सटासट जाणारे पत्ते लक्षात ठेवणारा माणूस, मला शेपू सांगता?

मी केळी घेऊन आलो. केळी, ओवा आणि पालक. गूळ राहिला, खोबरं राहिलं, आणि शिंप्याच्या दुकानासमोर उभा राहून मी त्याच्याशी सोयाबीनच्या भावावर बोलून आलो होतो. ब्लाऊज त्याच्या मागे खुंटीला टांगलेलं होतं, आणि मी ते पाहिलंही होतं. बायकोने पिशवी उलटी करून पाहिली. मला वाटलं होतं की ती आता तोंड सोडेल. तिने केळ सोललं आणि अर्धं मला दिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याने मी जास्त घाबरलो. "उद्या बुलढाण्याले जाऊ," ती म्हणाली. "डॉक्टरले दाखवू."

बुलढाण्याचे डॉक्टर तरुण, पण घाई नसलेले. मी आत गेल्या गेल्या फोन काढून रंगीत पट्टी दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, वाईट वाटू न देता बाजूला ठेवली आणि मला तीन शब्द सांगितले, नंतर विचारीन म्हणाले. मग कागदावर घड्याळ काढायला लावलं, काटे दाखवायला लावले. मग बायकोलाच जास्त प्रश्न. रस्ता चुकतात का? पैशाचे व्यवहार जमतात का? तेच तेच पुन्हा विचारतात का? माणसं ओळखतात का? ती म्हणाली, "माणसं ओळखतात, मीच सोडून." डॉक्टर हसले. मला शब्द विचारले तर दोन आले, तिसरा त्यांनी थोडी खूण दिल्यावर आला.

"रक्त तपासू," ते म्हणाले, "थायरॉईड, साखर, बी-बारा. आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

मी म्हणालो, बीपीची एक. बायकोने पर्समधून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. दुसरी गोळी खाजेची होती. ती मी मोजत नव्हतो, कारण ती डॉक्टरने दिलेलीच नव्हती, मेडिकलवाल्याकडून आणलेली होती. आणि खाज कशाची, तर गाजरगवताची. आता यातली गंमत ऐका. गाजरगवत हटवा ही मोहीम मी नोकरीत असताना गावोगाव चालवली. सभेत सांगायचो, उघड्या हाताने उपटू नका, अंगावर पुरळ येतो, श्वासाचा त्रास होतो. आणि निवृत्त झाल्यावर आमच्या बांधावरचं गाजरगवत मी स्वतः उघड्या हातांनी उपटलं, कारण साहेबाला कोण सांगणार? अंग खाजू लागलं, मेडिकलवर गेलो, गोळी घेतली, रात्री छान झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. मग रोजच घेत गेलो. पावसाळ्यापासून.

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट केलं. "ही जुन्या पद्धतीची गोळी आहे. झोप आणते. तुमच्या वयात तिचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. लक्ष लागत नाही, आठवण मंदावते, माणूस धुक्यात राहिल्यासारखा होतो. हेच एक कारण असेल असं मी आज म्हणत नाही. पण आधी ही बंद करू. खाजेसाठी झोप न आणणारी दुसरी गोळी देतो, मलम देतो. आणि बाह्या खाली करून जात जा वावरात."

"आणि हे?" मी फोन दाखवला. माझा जीव त्यात अडकला होता.

"हे आवडतं?"

"लई."

"मग खेळा. खेळाने तो खेळ सुधारतो, यात शंका नाही. तुम्ही मधला बाण पाहायला शिकलात, बाजूचे सोडायला शिकलात, ते आता पक्कं झालंय. पण त्याने शेपू लक्षात राहील का? त्याचा पुरावा फारच कमी आहे. एखाद्या अभ्यासात थोडंफार काही दिसतं, दुसऱ्यात दिसत नाही. विसरण्याचा आजार टळतो असं तर कुणी सिद्ध केलेलं नाही. जाहिरात जे म्हणते ते मोठं आहे, आणि माहिती जी आहे ती लहान." मग त्यांनी मला ॲपमधलं बारीक अक्षरातलं एक वाक्य उघडून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की हे कोणत्याही आजाराच्या निदानासाठी किंवा उपचारासाठी नाही. मी एवढे महिने ते पान कधी उघडलंच नव्हतं. "आणि बीपी सांभाळा, चाला, माणसांत बसा, काहीतरी खरोखर नवं शिका. यातल्याही कशाची हमी नाही, पण निदान त्यात घरचंही कुणी सोबत येतं."

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. खिडकीबाहेर कपाशीची उपटून टाकलेली झाडं बांधाबांधाला रचलेली दिसत होती. मला बीटी कपाशीचं बियाणं नवं आलं ते दिवस आठवले. किती धामधूम होती. बी खोटं नव्हतं, बोंडअळीवर चाललं, मी स्वतः पाहिलंय. पण लोकांना वाटलं की आता फवारणीच नको, मावा नाही, तुडतुडे नाहीत, सगळं त्या पाकिटातच आलं. पाकिटाआत बिगर बीटी बियाण्याची लहान पुडी असायची, कडेने लावायला, अळी पक्की होऊ नये म्हणून. ती कुणी लावली नाही. मग काही वर्षांत गुलाबी अळी त्या बियाण्याला पचवून बसली. मी सभेत सांगून सांगून थकलो होतो की हे एका अळीचं औषध आहे हो, सगळ्या दुखण्याचं नाही. आणि तोच मी, मधला बाण ओळखता येतो म्हणून बायकोकडे चावी मागत होतो. मला एसटीतच हसू फुटलं. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. गोळी बंद झाली. पण चावी नाही ती नाहीच, आणि वावरात तर कुणीतरी जायलाच हवं. तेव्हा बायको म्हणाली, "मले शिकवा." तिने आयुष्यात सायकलही चालवली नव्हती. बाजार समितीच्या आवारात, धान्याचे लिलाव आटोपले की जागा मोकळी होते, तिथे आमची शाळा भरू लागली. ती स्कूटीवर, मी मागे पळतोय, हात मागच्या दांडीला, तोंडाने "ब्रेक, ब्रेक". ती ॲक्सिलरेटर पिळायची आणि पाय जमिनीवर घासायची. एकदा सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीत शिरली. हमाल उठून टाळ्या वाजवायला लागले. हेडमास्तर रोज बघायला यायचे आणि येताना फुटाणे आणायचे, तमाशाला आल्यासारखे.

आणि माझं डोकं उघडायला लागलं. एका आठवड्यात नाही, हळूहळू. सकाळी उठल्यावर उठल्यासारखं वाटू लागलं. नावं जिभेवरून उतरू लागली. शिंप्याकडून मी होऊन ब्लाऊज आणलं, न सांगता. एक दिवस हेडमास्तरांना मी त्यांच्याच शाळेतल्या गॅदरिंगचा जुना किस्सा तारीखवार सांगितला तेव्हा त्यांनी कान पकडले. मी आनंदाने वेडा झालो होतो. भाऊ आठवायचा, पण आता त्याच्यासोबत सायकलही आठवायची.

मुलाचा फोन आला. त्याला सांगितलं तर तो पुण्यातून नाचला. "पाहिलंत ना बाबा? ॲप. मी म्हटलं होतं." आणि मला पण वाटलं, बरोबर आहे पोराचं. आकडेही चढलेले, डोकंही चाललेलं, दोन्ही माझ्याच फोनच्या साक्षीने. मी हेडमास्तरांच्या फोनमध्ये ते टाकून द्यायला बसलो, कॉलनीतल्या आणखी दोघांना सांगून झालं. डॉक्टर बिचारे तरुण आहेत, असंही मी म्हणालो.

बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमची सभा मी किती खेपा ऐकली हाय, माहीत हाय का? चहा मीच आणत होते ना. काय सांगत होते तुम्ही लोकाईले? एका वावरात एकाच वेळी दोन औषधं मारली अन् अळी मेली, तं कोणत्या औषधानं मेली?"

मी हेडमास्तरांचा फोन त्यांच्या हातात परत दिला.

"काय सांगत होते?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मंग? तुमची गोळी बंद झाली. ॲप चालू. माह्या मागं पळता, ते तिसरं औषध. एक तं बंद करून पाहा. गोळी तं आता चालू करायची नाई. ॲप बंद करा. डोकं पुन्हा भरकटलं तं मी सोता त्या पोराची माफी मागन."

हेडमास्तर फोन परत खिशात ठेवत म्हणाले, "साहेब, भाभीनं तुमचीच सभा तुमच्यावर घेतली."

साखळी तोडणं मला जड गेलं, हसू नका. ॲप संध्याकाळी आठवण करून द्यायचं, मग दुसऱ्या दिवशी जरा रडवेल्या सुरात, मग तिसऱ्या दिवशी म्हणालं तुमचा मेंदू तुमची वाट पाहतोय. मी म्हणालो मेंदू इथेच आहे बाबा, भाजी निवडतोय. रंगीत पट्टी घसरली असणार, मी पाहिली नाही. तुरीची काढणी आली, गेली. उन्हं चढली. डोकं होतं तसंच राहिलं, चालतं. गोळीने की पळण्याने, ते मी आजही शपथेवर सांगू शकत नाही, पण ॲपने नाही एवढं सांगू शकतो. मध्येच एकदा सहज तो बाणांचा खेळ उघडून खेळलो, तर बऱ्यापैकी आकडा आला. तो खेळ मला अजूनही उत्तम येतो. त्याचा उपयोग मात्र बाणांपुरताच.

तरी चावी मिळाली नाही. डोकं ठीक आहे हे तिला पटलं होतं, ती तसं बोललीही. पण म्हणायची, "पाहू ना," आणि चावी फिरवत स्कूटीकडे जायची. तिला आता ती गाडी आवडली होती. लायसन्स काढलं, हेल्मेट घेतलं, लाल. मी मागे बसायचो. रस्त्याने ओळखीचे लोक हात करायचे ते तिला. मला अधूनमधून वाटायचं की ती खरं बोलत नाही, तिला अजून भरवसा नाही, म्हणून देत नाही. आणि मग रात्री ती भीती पुन्हा थोडी डोकं वर काढायची. ती म्हणते ठीक आहे, पण ठीक माणसाला चावी देतात ना?

पुढच्या हंगामात कपाशी फुलावर आली तेव्हा एका सकाळी आम्ही वावराकडे निघालो. पंपावर थांबलो. सीट उघडायची म्हणून दोघं उतरलो. मी रीतीप्रमाणे पुढे चालत गेलो आणि हवेच्या मशीनपाशी उभा राहिलो. तिने पेट्रोल भरलं, सीट दाबून बंद केली, हेल्मेटची पट्टी लावली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या अगदी जवळून गाडी काढून निघून गेली.

मी हात वर केला तो तसाच राहिला. लाल हेल्मेट पुलापलीकडे दिसेनासं झालं. माझा फोन तिच्या पर्समध्ये होता. पंपावरचा माणूस जवळ आला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, मागच्या खेपी मॅडम राह्यल्या होत्या ना?"

मी म्हणालो, हो. आणि मग मला हसू आलं, असं की मी त्या सिमेंटच्या ओट्यावर मटकन बसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. जिला माझ्या आत्याच्या नातीच्या बारशाला कोण कोणती साडी नेसून आलं होतं ते आठवतं, जी गोळी खात नाही, जिने एक बाण कधी मोजला नाही, तिचं डोकं अगदी ठणठणीत आहे हे सगळी चिखली सांगेल, ती बाई मला विसरून गेली होती. मग मी काय वेगळा होतो? थोडं गोळीने, थोडं वयाने, आणि थोडं असंच, माणूस कशाच्या तरी विचारात असतो म्हणून. इतक्या महिन्यांत डॉक्टरच्या रिपोर्टने, त्या रंगीत पट्टीने मला जेवढं हलकं केलं नव्हतं तेवढं त्या ओट्यावर बसून वाटलं. पंपावरच्या माणसाने मला शेंगदाणे दिले. मी खाल्ले.

ती परत आली ती बरीच वेगात. गाडी थांबवली, हेल्मेटची काच वर केली. चेहरा रडायला आलेला आणि रागावलेला, दोन्ही. "एक शब्द बोलायचा नाई," ती म्हणाली.

मी उरलेले शेंगदाणे तिच्यापुढे धरले.

"बांधापर्यंत गेले मी. तिथं समजलं."

"कशाच्या विचारात होती?"

"डोमकळ्या," ती म्हणाली. "यंदा कमी दिसून राह्यल्या, ते तुमाले सांगत होते."

मग तिने गाडी स्टँडला लावली, चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटवली. "घ्या. चालवा."

मी चावी हातात धरून उभा राहिलो. एवढे दिवस हीच मागत होतो. मग ती परत स्कूटीला लावली आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो. तिने एकदा वळून पाहिलं, काच खाली केली आणि गाडी काढली. वावर येईपर्यंत, रस्ता सरळ दिसला की ती डावा हात मागे करून माझा गुडघा चाचपायची.

"हाव," मी म्हणायचो, "हाय मी."